नवं-जुनं थांबलं तेव्हा

नोव्हेंबर १९९७ संपताना दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या हिशेबात परकीय चलनाची गंगाजळी होती सुमारे २४ अब्ज डॉलरची. त्यातले लगेच वापरता येतील असे डॉलर होते जेमतेम सात अब्ज. उरलेले १७ अब्ज कागदावर शाबूत होते, पण ते मागायला गेलं असतं तर देशातल्याच बँका कोलमडल्या असत्या. आदल्या महिन्याच्या अखेरीस हाच वापरण्याजोगा साठा २२ अब्जांच्या वर होता. म्हणजे तीस दिवसांत १५ अब्ज डॉलर गेले, आणि जाहीर होणारा आकडा मात्र सहाच अब्जांनी खाली आला. देशातून पैसा पळतो म्हणजे नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला या दोन आकड्यांमधली तफावत फार उपयोगी आहे.

‘परदेशी पैसा पळाला’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेअर बाजार येतो. लाल आकडे, विक्रीचा मारा, टीव्हीवरच्या चर्चा. कोरियात तसंही थोडं घडलं, पण मोठं भगदाड पडलं ते बँकांच्या बाजूने, आणि तिथे कुणी काही विकत नव्हतं. टोकियो, लंडन, न्यूयॉर्कमधल्या बँकांनी मुदत संपलेली कर्जं फक्त पुन्हा दिली नाहीत. आपल्याकडे गावच्या सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करतात, तसाच हा प्रकार. जुनं फेडल्याचं दाखवायचं, त्याच दिवशी नवं उचलायचं, आणि वर्षानुवर्षं मुद्दल कुणाच्या खिशातून जातच नाही. एखाद्या मार्चमध्ये सचिवाने ‘जुनं भरा, नवं नंतर बघू’ म्हटलं, की ज्याचा पैसा विहिरीत आणि पाइपलाइनमध्ये अडकला आहे त्याची जी गत होते, ती एका अख्ख्या औद्योगिक देशाची झाली.

आणि हा देश काही उधळ्या नव्हता, हे आधी सांगायला हवं. डिसेंबर १९९६मध्ये कोरिया श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेचा सदस्य झाला होता. सरकारचं अंदाजपत्रक जवळपास तोलात होतं, महागाई पाच टक्क्यांच्या आसपास, वाढीचा दर सातच्या. लोक बचत करणारे. लॅटिन अमेरिकेतल्या ऐंशीच्या दशकातल्या संकटांवरून जी लक्षणं अर्थतज्ज्ञ शोधायचे, म्हणजे सरकारची भरमसाट तूट आणि नोटा छापणं, त्यातलं एकही इथे नव्हतं. परदेशाशी होणाऱ्या व्यवहारांत, म्हणजे चालू खात्यावर, १९९६ साली सुमारे २३ अब्ज डॉलरची तूट होती, ती मोठी होती खरी. पण १९९७मध्ये तीही कमी होत चालली होती. मग लोक घाबरले कशाला?

उत्तर कर्जाच्या रकमेपेक्षा कर्जाच्या मुदतीत आहे. १९९७च्या मध्याला परदेशी बँकांचं कोरियाकडे सुमारे १०३ अब्ज डॉलरचं येणं होतं. त्यातलं ७० अब्ज वर्षाच्या आत फेडायचं होतं. त्याच वेळी गंगाजळी होती ३४ अब्जांच्या आसपास. वर्षभरात देणं दोन रुपये आणि हातात एक, असा हा मामला. सगळे नवं-जुनं करत राहिले तर या प्रमाणाला काही अर्थ नाही, आणि सगळ्यांनी एकदम हात आखडता घेतला तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही.

मुदत इतकी आखूड का होती, याचं कारण सोलमधल्या नियमांत सापडतं. नव्वदच्या दशकात कोरियाने परदेशी पैशासाठी दारं उघडली, पण उघडताना क्रम उलटा लावला. दीर्घ मुदतीचं कर्ज परदेशातून घ्यायचं तर सरकारी परवानगी, कागदपत्रं, तपासणी. अल्पमुदतीचं मात्र व्यापारासाठीच्या नेहमीच्या उसनवारीत मोडतं असं धरून सैल सोडलेलं. बँकांनी साहजिकच सैल दार धरलं. शिवाय १९९४ आणि १९९६ अशा दोन खेपांत २४ छोट्या वित्त कंपन्यांना ‘मर्चंट बँक’ होण्याचा परवाना मिळाला आणि अशा बँकांची संख्या ३० झाली. कालपर्यंत देशी हुंड्या वटवणाऱ्या या मंडळींना अचानक डॉलरमध्ये उसनवारी करता येऊ लागली. त्यांनी तीन-तीन महिन्यांच्या मुदतीने डॉलर उचलले आणि चेबोल म्हणवणाऱ्या मोठ्या उद्योगसमूहांना पाच-पाच वर्षांसाठी दिले. जास्त व्याजाच्या मोहाने काहींनी इंडोनेशिया, थायलंड, रशिया इथले रोखेही घेतले. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचं काम अर्थ मंत्रालयाकडे होतं, तर व्यापारी बँकांवरचं मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेकडे. एकूण अल्पमुदतीचे डॉलर देशावर किती चढले आहेत, याची बेरीज एका टेबलावर होतच नव्हती. कोरियन बँकांच्या परदेशी शाखांनी तिकडच्या तिकडे घेतलेलं कर्ज तर देशाच्या परकीय कर्जाच्या आकड्यात धरलंही जात नसे.

एक व्यवहार उलगडून पाहू. आकडे सोयीसाठी गोल धरतो. सोलमधल्या एका मर्चंट बँकेने टोकियोच्या बँकेकडून दहा कोटी डॉलर ९० दिवसांसाठी घेतले, सहा टक्क्यांनी. ते एका पोलाद कंपनीला भट्टी उभारायला पाच वर्षांसाठी दिले, आठ टक्क्यांनी. मधले दोन टक्के ही बँकेची कमाई. दर नव्वद दिवसांनी टोकियोला फोन जातो, व्याज भरलं जातं, मुदत पुढे सरकते. डॉलरचा भाव ९०० वॉन धरला तर कर्ज झालं ९,००० कोटी वॉनचं.

आता एका नव्वदाव्या दिवशी टोकियोहून उत्तर येतं की या वेळी परत हवेत. भट्टी अर्धी उभी आहे, कंपनीकडून पैसे पाच वर्षांनी येणार. मर्चंट बँक आधी दुसऱ्या परदेशी बँकांना फोन लावते. त्या देत नाहीत, किंवा देतात त्या फक्त एका रात्रीसाठी. मग ती सोलच्या बाजारात उतरून वॉन देऊन डॉलर विकत घेऊ लागते. त्याच सकाळी आणखी वीस बँका त्याच कामाला आलेल्या असतात. विकणारे असायला हवेत निर्यातदार, पण डॉलर उद्या महाग होणार हे दिसत असताना आज विकेल कोण? मोटारी आणि चिप विकून आलेले डॉलर ते परदेशी खात्यातच राहू देतात. उलट आयातदार तीन महिन्यांनंतरची गरजही आजच भागवून घेतात. यात देशद्रोह वगैरे काही नाही, सरळ व्यापारी अक्कल आहे. पण या अकलेमुळे बाहेर जाणाऱ्या परदेशी पैशामागे देशी पैसाही रांगेत उभा राहतो, आणि त्याची नोंद ‘भांडवल पलायन’ अशा नावाने कुठे होतही नाही.

डॉलर १,८०० वॉनवर गेला की तेच दहा कोटी डॉलर १८,००० कोटी वॉनचे होतात. बँकेने कंपनीला डॉलरमध्येच कर्ज दिलं असेल तर कंपनी बुडते आणि तिच्यामागून बँक. वॉनमध्ये दिलं असेल तर बँक थेट बुडते. चलन घसरल्याने निर्यात स्वस्त होऊन देश सावरतो हे पाठ्यपुस्तकातलं औषध इथे उशिरा लागू पडतं. कर्जाचा बोजा रातोरात चढतो, निर्यातीच्या ऑर्डरी महिन्यांनी येतात. कोरियातल्या तीस मोठ्या चेबोलवर तर १९९७च्या अखेरीस स्वतःच्या भांडवलाच्या पाचपट कर्ज होतं. इतक्या पातळ भांडवलावर चलनाचा धक्का पचणं शक्यच नव्हतं.

बाजारातही डॉलर मिळाले नाहीत की उरतो तिसरा दरवाजा, मध्यवर्ती बँक. सुरुवातीच्या तफावतीचं उत्तर इथे आहे. बँक ऑफ कोरियाने आपल्या गंगाजळीतले डॉलर कोरियन बँकांच्या परदेशी शाखांमध्ये ठेव म्हणून ठेवले. शाखांनी त्या ठेवीतून टोकियो-न्यूयॉर्कची देणी भागवली. हिशेबाच्या वहीत मध्यवर्ती बँकेची ठेव जशीच्या तशी दिसत राहिली, कारण ती शाखा अजून देणं लागतच होती. पण प्रत्यक्षात डॉलर निघून गेले होते. बाजारात डॉलर विकून वॉन सांभाळला असता तर साठा उघड घटला असता. इकडे साठा तसाच दिसे आणि रिकामा होई. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात घातक निर्णय वाटतो. बँका वाचवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे धोका किती जवळ आला आहे हे खुद्द सोलमधल्या फार थोड्या लोकांना ठाऊक राहिलं.

टोकियोच्या बँकेने नेमकं तेव्हाच का तोंड फिरवलं? काही कारणं कोरियाची होती. जानेवारी १९९७मध्ये हानबो स्टील कोसळली, मग एकामागून एक उद्योगसमूह लंगडू लागले, जुलैत किया मोटर्स अडचणीत आली आणि सरकार तिचं काय करायचं हे महिनोन्‌महिने ठरवू शकलं नाही. अखेर ऑक्टोबरात ती सरकारच्या छत्राखाली गेली. काही कारणं शेजारची होती. २ जुलैला थायलंडने बाथ मोकळा सोडला, मग इंडोनेशिया गडगडला, ऑक्टोबरात तैवानने आपलं चलन सैल केलं, पाठोपाठ हाँगकाँगचा शेअर बाजार पडला. दुसऱ्याच दिवशी एका पतमापन संस्थेने कोरियाचा दर्जा उतरवला. आणि काही कारणांचा कोरियाशी काडीचा संबंध नव्हता. जपानी बँका स्वतःच्याच बुडीत कर्जांनी बेजार होत्या. १७ नोव्हेंबरला होक्काइडो ताकुशोकू ही मोठी जपानी बँक बुडाली, आठवड्याने यामाइची ही दलाली पेढी. ज्याला घरात पैसा हवा आहे तो बाहेरचा पैसा गोळा करतो, आणि जो लवकर परत येतो तो आधी गोळा करतो. तीन महिन्यांची कर्जं सर्वात लवकर परत येतात. म्हणजे टोकियोत कुणाच्या तरी भांडवलाचं गणित चुकलं आणि सोलमधली भट्टी थांबली.

यातला प्रत्येक परदेशी बँकर आपापल्या जागी शहाणाच होता, हे मान्य केल्याशिवाय पुढचं कळत नाही. सगळे थांबले तर कोरिया देणं फेडू शकतो हे त्याला माहीत होतं. पण बाकीचे थांबणार की नाही हे माहीत नव्हतं. साठा ३४, देणं ७०. पहिल्या अर्ध्यांत आपण असलो तर पूर्ण पैसे, मागे राहिलो तर शून्य. अशा रांगेत पुढे घुसणं हाच सुज्ञपणा ठरतो, आणि सगळ्यांच्या सुज्ञपणाची बेरीज म्हणजे दिवाळं. मोठ्या कोरियन बँकांची अल्पमुदतीची बहुतेक कर्जं ऑक्टोबरपर्यंत नवी-जुनी होत होती. नोव्हेंबरात हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर आलं, डिसेंबरात एक तृतीयांशाच्या आसपास. अर्जेंटिनात जन्मलेले अर्थतज्ज्ञ गिलेर्मो काल्व्हो यांनी १९९८ साली अशा घटनांचं जे विश्लेषण मांडलं, त्याला पुढे ‘सडन स्टॉप’ हेच नाव पडलं. आत येणारा प्रवाह अचानक थांबणं. त्यांचा मुद्दा सरळ होता. चालू खात्यावर तूट असलेला देश बाहेरून येणाऱ्या पैशावर आयात करत असतो. तो पैसा थांबला की तूट हळूहळू कमी करायला वेळ मिळत नाही. ती त्याच तिमाहीत शून्यावर आणावी लागते, आणि ती आणण्याचा एकच झटपट मार्ग असतो, आयात बंद पाडणं.

सोलमधल्या घटना मग धावत सुटल्या. १९ नोव्हेंबरला अर्थमंत्री बदलले. कांग क्यँग-शिक गेले, लिम चांग-युल आले. दुसऱ्या दिवशी वॉनला दिवसाकाठी सव्वादोन टक्क्यांऐवजी दहा टक्के हलण्याची मुभा मिळाली, आणि तो रोज दहा टक्क्यांच्या दारावर धडका देऊ लागला. २१ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागितल्याचं जाहीर झालं. ह्यूबर्ट नाइस यांच्या नेतृत्वाखाली नाणेनिधीचं पथक आलं आणि त्यांना वापरण्याजोग्या साठ्याचा खरा आकडा कळला. ३ डिसेंबरला नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू यांच्या उपस्थितीत करार झाला. नाणेनिधीचे २१ अब्ज, जागतिक बँकेचे १०, आशियाई विकास बँकेचे ४, आणि वर अमेरिका-जपान वगैरे देशांची २० अब्जांहून मोठी ‘दुसरी फळी’. मथळा झाला ५५ अब्जांचा. तोवर जगात असं पॅकेज झालं नव्हतं.

चार दिवस बरे गेले आणि वॉन पुन्हा कोसळू लागला. कारण बँकर मथळे वाचत नाहीत, तारखा वाचतात. ५५ अब्जांतले त्या आठवड्यात हातात पडले ते नाणेनिधीचे साडेपाच अब्ज. उरलेलं हप्त्याहप्त्याने, अटी पाळल्या तर. दुसरी फळी नक्की केव्हा आणि कशी वापरता येईल हे कुणीच सांगेना. समोर देणं होतं वर्षाच्या आत फेडायच्या कर्जाचं, आणि आता परदेशी शाखांचे आकडे धरल्यावर ते आधी दिसलं होतं त्याहून बरंच मोठं निघालं. साडेपाच अब्ज आले याचा रांगेतल्या माणसाने लावलेला अर्थ असा, की आता आणखी काही जणांना पैसे मिळतील, तेव्हा आपण घाई करावी. मदतीचा पहिला हप्ताच बाहेर पडण्याचं दार रुंद करून गेला.

नाणेनिधीच्या सांगण्यावरून व्याजदर चढवले गेले. एका रात्रीच्या कर्जाचा दर पंचवीस टक्क्यांच्या वर पोचला. कायद्याने ठरलेली व्याजाची कमाल मर्यादा २५ वरून ४० टक्के करावी लागली. त्यामागचा तर्क असा की जास्त व्याज मिळालं तर पैसा थांबेल. या औषधावर पुढे खूप वाद झाला. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनीच त्यावर जाहीर टीका केली. मला वाटतं, ज्या बँकरला मुद्दलच परत मिळेल की नाही ही शंका आहे त्याला व्याजाचा आकडा दाखवून थांबवता येत नाही, आणि भांडवलाच्या पाचपट कर्ज असलेल्या कंपनीला तोच आकडा खलास करतो. दुसरी बाजू अशी की व्याज कमी ठेवलं असतं तर वॉन आणखी किती गेला असता हे कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. डिसेंबरात चौदा मर्चंट बँकांचे व्यवहार गोठवले गेले. त्यामुळे उरलेल्यांविषयी विश्वास वाढण्याऐवजी यानंतर कुणाचा नंबर, हीच चर्चा वाढली.

१८ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. प्रचारात किम डे-जुंग यांनी नाणेनिधीशी पुन्हा वाटाघाटी करण्याची भाषा केल्याने बाजार हादरला होता. निवडून आल्यावर त्यांनी करार पाळण्याचीच ग्वाही दिली. त्या दिवशी वापरण्याजोगा साठा चार अब्जांच्या खाली होता. २३ तारखेला डॉलर १,९६२ वॉनवर बंद झाला. वर्षाच्या सुरुवातीला तो साडेआठशेच्या आत होता. वर्षअखेरीस देश देणी थांबवतो की काय, अशी स्थिती आली.

जे पॅकेजने साधलं नाही ते फोनवरून साधलं. तोवर अमेरिकी अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांची भूमिका होती की खासगी बँकांना काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. त्या आठवड्यात ती बदलली. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने अमेरिकी बँकांना बोलावून घेतलं, आणि जपान, जर्मनी, ब्रिटन वगैरे देशांच्या मध्यवर्ती बँकांनी आपापल्या बँकांना. मुद्दा असा मांडला गेला की तुम्ही सगळे थांबलात तर सगळ्यांचे पैसे वाचतील, एकेकटे पळालात तर बहुतेकांचे बुडतील. २४ डिसेंबरला नाणेनिधी आणि मोठे देश मिळून दहा अब्ज डॉलर लवकर देण्याचं जाहीर झालं, आणि बँकांनी कर्जं पुढे ढकलायचं तात्पुरतं मान्य केलं. रांग मोडली ती अशी. एकेकट्याने घ्यायचा निर्णय सगळ्यांनी एका टेबलावर घेतला म्हणून.

जानेवारी १९९८च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पक्का करार झाला. सुमारे २४ अब्ज डॉलरची अल्पमुदतीची कर्जं एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुदतीत बदलून घ्यायची असं ठरलं, आणि प्रत्यक्षात सुमारे २२ अब्जांची बदलली गेली. व्याज लंडनच्या आंतरबँक दरावर सव्वादोन ते पावणेतीन टक्के जास्त. आणि हमी कोरियन सरकारची. शेवटचं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. खासगी बँकांनी खासगी बँकांना, स्वतःच्या जोखमीवर दिलेलं कर्ज आता कोरियन करदात्यांच्या हमीचं झालं, आणि त्यावर व्याजही वाढलं. धनकोंना बुडीत खाती काही टाकावं लागलं नाही. वाटाघाटीत याहून बरं पदरात पाडून घेण्याइतका वेळ कोरियाकडे नव्हता, हे खरं. तरी जोखीम घेतल्याबद्दल आधी व्याज मिळवायचं, आणि जोखीम प्रत्यक्षात आली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हा सौदा मला आजही खटकतो.

किंमत कुणी चुकवली ते पुढच्या वर्षीच्या आकड्यांत आहे. १९९८मध्ये कोरियाची आयात एक तृतीयांशाहून जास्त घटली. निर्यात डॉलरमध्ये वाढली नाही, उलट किंचित कमीच झाली. तरीही चालू खातं २३ अब्जांच्या तुटीवरून दोनच वर्षांत सुमारे ४० अब्जांच्या शिलकीत गेलं. वर्तमानपत्रात ‘विक्रमी शिल्लक’ म्हणून छापता येईल असा हा आकडा म्हणजे न घेतलेली यंत्रं, न भरलेल्या गाड्या, बंद पडलेली दुकानं. अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून अधिक आकसली. बेकारी अडीच टक्क्यांच्या आसपास होती, ती सातपर्यंत गेली. कायमच्या नोकरीची सवय असलेल्या समाजात मध्यमवयीन माणसं घरी बसली. कोरियन लोक आजही त्या काळाला नाणेनिधीच्याच नावाने ओळखतात.

त्या हिवाळ्यात लोकांनी घरातलं सोनं दिलं. लग्नाच्या अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या, पदकं. सुमारे ३५ लाख लोकांकडून २२७ टन सोनं गोळा झालं आणि ते परदेशात विकून दोन अब्ज डॉलरहून थोडे अधिक मिळाले. सोनं म्हटल्यावर मराठी वाचकाला १९९१ आठवणारच. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अनिवासी भारतीयांच्या सुमारे ९५ कोटी डॉलरच्या ठेवी देशाबाहेर गेल्या, परदेशी बँकांनी अल्पमुदतीचं कर्ज नवं-जुनं करणं थांबवलं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गेलं. ते तारण ठेवून मिळाले ४० कोटी डॉलर. दोन्हीकडे यंत्रणा तीच, मात्र आजार वेगळा. भारतात सरकारची तूट, आखाती युद्धाने महागलेलं तेल आणि मुळातच तुटपुंजी गंगाजळी होती. कोरियात सरकार नीटनेटकं होतं, गाळात होत्या त्या बँका. कोरियन लोकांचं दोन अब्जांचं सोनं ७० अब्जांच्या देण्यापुढे लहानच. पण ते दान नव्हतं हेही सांगायला हवं. बहुतेकांना सोन्याची वॉनमध्ये किंमत मिळाली होती.

या प्रकरणानंतर अर्जेंटिनाचे अर्थ-उपमंत्री पाब्लो गिदोत्ती यांनी एक साधा ठोकताळा सुचवला आणि अमेरिकी फेडचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी तो उचलून धरला. वर्षभर बाहेरून एक डॉलरही नवा मिळाला नाही तरी देणी भागतील, इतकी गंगाजळी हवी. म्हणजे वर्षाच्या आत फेडायचं परकीय कर्ज भागिले गंगाजळी हे उत्तर एकाच्या खाली असावं. १९९७च्या मध्याला कोरियाचं उत्तर दोनच्या वर होतं, इंडोनेशियाचं दीडच्या वर, थायलंडचं दीडच्या आसपास. वर्तमानपत्रात एखाद्या देशाच्या गंगाजळीचा नुसता आकडा आला की हा भागाकार करून पाहावा. ‘इतक्या महिन्यांच्या आयातीला पुरेल’ हे जुनं माप व्यापार थांबण्याच्या भीतीसाठी होतं, धनको पळण्याच्या भीतीसाठी ते अपुरं आहे. भागाकारातल्या दोन्ही आकड्यांवर मात्र शंका घ्यावी. कर्ज कुणाचं मोजलं आहे, फक्त देशात राहणाऱ्यांचं की परदेशी शाखांचंही? आणि गंगाजळी कुठे ठेवली आहे?

कोरियाने धडा मनावर घेतला. नाणेनिधीचं कर्ज ऑगस्ट २००१मध्ये मुदतीआधीच फिटलं, गंगाजळी वाढत वाढत २००८पर्यंत अडीचशे अब्जांवर गेली. आणि तरीही २००८च्या हेमंतात लीमन ब्रदर्स बुडाल्यावर वॉन पुन्हा पडला, अकराशेच्या आसपासून दीड हजारापर्यंत. या वेळी दरवाजा वेगळा होता. कोरियन जहाजबांधणी कंपन्यांना जहाजांचे डॉलर पुढच्या दोन-तीन वर्षांत मिळणार होते. भाव घसरण्याची भीती नको म्हणून त्या ते डॉलर आजच्या भावाने बँकांना वायद्याने विकत. बँका आपली बाजू सांभाळायला तेवढेच डॉलर आज अल्पमुदतीने उसने घेत, आणि सोलमधल्या परदेशी बँकांच्या शाखा ते आपल्या मुख्यालयाकडून आणत. मुख्यालयालाच डॉलरची तंगी आली तेव्हा शाखेचा नळ बंद झाला. साठा मोठा असूनही लोक तो किती झपाट्याने घटतोय तेच बघत राहिले. ३० ऑक्टोबरला अमेरिकी फेडने ३० अब्ज डॉलरची अदलाबदल-सोय जाहीर केली तेव्हा कुठे श्वास मिळाला. त्यातले सगळे डॉलर वापरावेही लागले नाहीत.

मग कोरियाने साठ्याकडून मोर्चा वळवला तो उसनवारीकडे. २०१०मध्ये बँकांच्या वायदे-व्यवहारांवर भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा आली, परदेशी शाखांसाठीही. ऑगस्ट २०११पासून बँकांच्या परकीय चलनातल्या ठेवींखेरीजच्या देण्यांवर अधिभार बसला, आणि तो असा की मुदत जितकी आखूड तितका दर जास्त. नव्वदच्या दशकात ज्या दाराला कडीच नव्हती, त्या दारावर असा टोलनाका बसला. अल्पमुदतीच्या बँक-कर्जाचं प्रमाण त्यानंतर उतरलं. या नाक्यावरून न जाणारा पैसा मात्र मोकळाच आहे. शेअर आणि रोखे विकून जाणारे परदेशी गुंतवणूकदार त्यात येत नाहीत, आणि अलीकडे अमेरिकी शेअर घ्यायला स्वतःचे वॉन डॉलरमध्ये बदलणारे कोरियन बचतदारही येत नाहीत.